स्कूटरचा हेडलाइट बल्ब वारंवार का उडतो?

निपाणी आणि संकेश्वर यांच्यामध्ये रोज ये-जा करणाऱ्या एखाद्या स्कूटरचा हेडलाइट बल्ब दोन महिन्यांत तीनदा उडतो, आणि तोही दर वेळी तवंदी घाट चढताना, असे समजू. दोष बहुधा बल्बच्या कंपनीला दिला जातो. मात्र बल्ब चढावरच जातो, हीच गोष्ट खऱ्या कारणाकडे बोट दाखवते.

हॅलोजन बल्ब असलेल्या अनेक स्कूटरमध्ये हेडलाइटला वीज बॅटरीतून नव्हे, तर इंजिनाला जोडलेल्या मॅग्नेटोच्या कॉइलमधून थेट मिळते. इंजिनाचे फेरे वाढले की व्होल्टेज वाढते. चढावर ते फेरे बराच वेळ वाढलेले राहतात. हा जादा दाब रेग्युलेटर अर्थिंगच्या वाटेने वळवून टाकतो. पावसाळ्यात त्याच्या अर्थिंगचा बोल्ट गंजला किंवा ढिला झाला, की ती वाट अडते आणि सारा भार बल्बच्या तारेवर येतो. व्होल्टेज सतत पाच टक्के अधिक राहिले, तरी बल्बचे आयुष्य जवळपास निम्मे होते. शिवाय एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींत इंजिन सुरू असेतो दिवा जळतच राहतो.

येथे एक गल्लत नेहमी होते. बल्बच्या होल्डरचे अर्थिंग ढिले असेल, तर उजेड मंदावतो, लुकलुकतो. त्याने दाब वाढत नाही. बल्ब उडवते ते रेग्युलेटरचे ढिले अर्थिंग.

तपासणीसाठी स्कूटर मधल्या स्टँडवर उभी करावी. मागचे चाक फिरणार असल्याने त्याला काहीही लागू देऊ नये. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून, बल्ब जोडलेला असतानाच होल्डरच्या मागे मोजावे. ॲक्सिलरेटर पिळल्यावर आकडा साडेतेरा-चौदाच्या आसपास थांबायला हवा. वरील स्कूटरमध्ये तो १७ वर जाऊनही चढतच राहिला, असे धरू. आता मीटरची एक पिन रेग्युलेटरच्या अर्थिंगच्या टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावावी. येथे जवळजवळ शून्य दिसायला हवे, दिसले २.८. दोष सापडला. बोल्ट काढून, टोक व बॉडी काचकागदाने चकचकीत होईतो घासून, घट्ट आवळून वर थोडी पेट्रोलियम जेली लावल्यावर हाच आकडा ०.१ वर येतो आणि होल्डरवरील व्होल्टेज १३.७ ला स्थिरावते. अर्थिंग स्वच्छ असूनही आकडा चढत राहिला, तर मात्र रेग्युलेटर बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

रेग्युलेटरमुळे विजेची लाट अर्धवट कापली जाते, त्यामुळे स्वस्त मल्टिमीटरचा आकडा नेमका नसतो. नेमक्या अंकापेक्षा आकडा थांबतो की चढतच राहतो, हे पाहावे. तो थांबत असूनही बल्ब जात असेल, तर होल्डरमधील ढिलाई, रस्त्याचे हादरे आणि बसवताना काचेला लागलेले बोटांचे तेल यांकडे वळावे.