पदपथावरचे घर

आमच्या कोरेगाव भीमाहून नगररस्त्याने जाताना कडेला चहाच्या टपऱ्या, भाजीच्या पाट्या, चांभाराची पेटी दिसते. यांचा संसार त्या वीतभर जागेवर उभा असतो. वाचकहो, अशा वीतभर जागेचा प्रश्न एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, त्याची ही हकीकत.

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईतील पदपथवासीयांना हुसकून त्यांच्या मूळ गावी पाठविण्याचे जाहीर केले. ऐन पावसाळा! झोपड्या मोडू लागल्या. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही झोपडीवासी न्यायालयात गेले. त्यांत एक संगमनेरचा चांभार होता. गावाकडे दिवसाला सात-आठ रुपये मिळत; घरही पडलेले. मुंबईत तो महिना साडेतीनशे रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या पदपथावरील जागेसाठी त्याने तिथल्या गुंडाला तीनशे रुपये मोजले, आणि बांबू व प्लास्टिकला आणखी सातशे. फुकट राहणारे म्हणून ज्यांना हिणवले जाई, त्यांचा हा हिशेब!

हे अर्जदार उच्च न्यायालयात झोपड्या सोडण्याची कबुली देऊन बसले होते. पालिकेने तेच पुढे केले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने ते मानले नाही. मूलभूत हक्क कोणी कबुलीने गमावीत नाही, असे ठरविले. (हे चंद्रचूड घराणे आमच्या जवळच्याच खेड तालुक्यातील कन्हेरसरचे. आणीबाणीत, १९७६ साली, जीविताच्या हक्कासाठीही दाद मागता येणार नाही म्हणणाऱ्या बहुमतात हेच न्यायमूर्ती होते, हेही विसरू नये.)

१० जुलै १९८५ रोजी निकाल लागला. घटनेच्या एकविसाव्या कलमात 'जीवित' हा शब्द आहे, 'उपजीविका' हा नाही. माणसाला फासावर न चढविता त्याची रोजी काढून घेतली, तरी जीव जातोच. म्हणून उपजीविका हा जीविताचाच भाग, असे न्यायालय म्हणाले. हे लोक कामाजवळ राहतात. पदपथ गेला की काम गेले. विनानोटीस अतिक्रमण हटविण्याचा अधिकार पालिकेला १८८८ च्या कायद्याने होता, पण तो अपवादापुरता. एरवी आधी म्हणणे ऐकलेच पाहिजे.

आणि मग? झोपड्या हटविणे रास्तच ठरले! अर्जदारांचे म्हणणे आम्हीच ऐकले, असे न्यायालय म्हणाले. फक्त पावसाळ्यासाठी ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत मुदत मिळाली. १९७६ च्या गणनेत नोंदलेल्यांना पर्यायी जागा द्यावी, पण ती आधी दिलीच पाहिजे अशी अट नाही.

प्रतिष्ठेने जगण्याचा अर्थ १९८१ मध्येच एका स्थानबद्ध स्त्रीच्या खटल्यात आला होता. स्वच्छ हवापाण्याचा हक्क १९९१ मध्ये बिहारच्या सुभाषकुमार खटल्यात आला. तिथेही गंमत तीच : नदीत कोळशाचा गाळ सोडतात, ही तक्रार घेऊन आलेला अर्जदार स्वतःच त्या गाळाचा खरेदीदार निघाला, आणि त्याचा अर्ज फेटाळला गेला. हक्क मात्र निकालपत्रात उरला, आणि पुढे दुसऱ्यांनी तो हाती घेतला.