मुलुंडच्या नाक्यावरची रांग गेली कुठे?

आजचा भाग ट्रकच्या रांगेचा इतिहास आहे. ऐकायला कोरडं वाटेल, पण मुलुंड-ठाण्याच्या हद्दीवर ज्यांचं लहानपण गेलंय त्यांना ही रांग पाठ असेल.

३० जून २०१७ पर्यंत मुंबईत माल आणायचा तर महापालिकेला जकात भरावी लागायची. मुलुंड, ऐरोली, मानखुर्द, दहिसर अशा नाक्यांवर ट्रक थांबायचा, बिलं दाखवली जायची, मालाची किंमत ठरायची, पैसे भरायचे, पावती घ्यायची आणि मग आत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. तेव्हाच्या बातम्यांचा सूर एकच होता: रांग संपली.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, गोदामांसाठी ट्रकचं वेळापत्रक लावणाऱ्या प्रणालीवर काम करतो. त्यामुळे मला हा सूर पटत नाही. नाक्यावर ट्रक थांबायचे, हा त्रास होताच. पण त्या थांबण्याने नकळत एक काम व्हायचं. पहाटे एकदम आलेले पन्नास ट्रक नाक्यातून एक-एक करून सुटायचे. म्हणजे शहरातल्या गोदामांसाठी नाका हेच एक भलंमोठं ट्रकयार्ड होतं, तेही गोदामवाल्याला फुकट.

आता भिवंडी. इथली गोदामं मुख्यतः शहरात नाहीत, आजूबाजूच्या गावांत आहेत: पूर्णा, राहनाळ, वळ, काल्हेर, मानकोली. ग्रामपंचायतीची हद्द, जमीन स्वस्त, आणि माल मुंबईच्या जकातीबाहेर ठेवता यायचा. लागेल तेवढा छोट्या गाडीतून आत न्यायचा, जकात तेवढ्यापुरतीच. जीएसटीनंतर प्रत्येक राज्यात वेगळं गोदाम ठेवायचं करापुरतं कारण उरलं नाही, म्हणून कंपन्यांनी लहान गोदामं मिटवून मोठी केंद्रं केली. मोठं केंद्र म्हणजे एकाच गेटवर जास्त ट्रक. त्यात मुंबई-ठाण्यात गर्दीच्या तासांत अवजड वाहनांना बंदी, त्यामुळे ड्रायव्हर रात्रीच पोहोचून सकाळची वाट बघतो. रांग अशी नाक्यावरून गोदामाच्या गेटवर आली.

आता एक हिशोब करू. आकडे मी सोपे धरलेत, पण प्रकार खराच आहे. समजा एका केंद्रात माल उतरवायला सहा दारं आहेत, आणि सकाळी आठ ते संध्याकाळी सहा काम चालतं. प्रत्येक ट्रक दारावर दोन तास घेतो. दहा तासांत एका दारावर पाच ट्रक, सहा दारांवर तीस. रोज येतात चोवीस. कागदावर आरामात बसतं, नाही का? तरी रोज संध्याकाळी चार ट्रक उरतात. मॅनेजर म्हणतो, अजून दोन दारं पाडा.

पण ट्रक दार उतरवत नाही, टोळी उतरवते. आपल्याकडे १९६९ चा माथाडी कायदा आहे आणि माल उतरवणाऱ्या कामगारांची टोळी मंडळाकडे नोंदलेली असते. समजा इथे चार टोळ्या आहेत. दोन तासांतली पहिली ऐंशी मिनिटं खोकी खाली येतात. उरलेली चाळीस मिनिटं मोजणी, तुटफुटीची नोंद आणि सह्या. ही चाळीस मिनिटं टोळी त्याच दारावर बसून राहिली, तर चार टोळ्या दहा तासांत प्रत्येकी पाच, म्हणजे वीस ट्रक उतरवतात. चोवीसातून वीस गेले. ते चार उरलेले ट्रक इथून आले.

उलट शेवटचं खोकं खाली आलं की टोळी लगेच पुढच्या दारावर गेली, तर? ऐंशी मिनिटांना चार ट्रक, म्हणजे तासाला तीन. सहा दारं दोन तासांना सहा ट्रक, म्हणजे तेही तासाला तीन. चार दारांवर उतरवणी चालू, दोन दारांवर मोजणी. चोवीस ट्रक आठ तासांत. एकही नवं दार नाही, आणि दोन दारं वाढवली असती तरी टोळ्या चारच असल्याने तासाला तीनच राहिले असते. टोळीची मजुरी बहुतेक नगावर किंवा वजनावर असते, त्यामुळे रिकामं बसणं तिलाही परवडत नाही. अडतं ते यामुळे, की पुढचा ट्रक वेळेत दारावर लागलेला नसतो.

म्हणून दार ट्रकला गेटवर शिरताना देऊ नये. सकाळी आठला 'हा तीन नंबर, तो पाच नंबर' असं वाटून टाकलं, की तीन नंबरची मोजणी लांबते आणि पाच नंबर रिकामं असूनही तीनचा ट्रक उभा राहतो. टोळी सुटायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी निर्णय घ्यायचा. तेव्हा तीन गोष्टी बघायच्या: कुठलं दार मोकळं होतंय, त्या दाराला ही गाडी बसते का, आणि आतल्या कुठल्या रांगेत हा माल जाणार. गाडी बसण्याचा मुद्दा गंमतीचा नाही. दाराचा ओटा साधारण चार फूट उंच असतो. बत्तीस फुटी कंटेनर त्याला लागतो, पण छोटा हत्ती इतका खाली असतो की मधली लोखंडी पट्टी पोहोचतच नाही. त्याला जमिनीलगतचं दार वेगळं ठेवावं लागतं.

इथे एक तक्रार करतोच. अमेरिकी सॉफ्टवेअर गृहीत धरतं की ट्रेलर सोडून इंजिन निघून जातं आणि यार्डातला माणूस नंतर ट्रेलर हलवतो. आपला ट्रक बहुतेक एकसंध असतो आणि ड्रायव्हर त्यातच झोपलेला असतो. त्याला 'यार्डात ठेवा' असं स्क्रीनवर लिहिणं म्हणजे माणसाला ठेवणं आहे.

नेमकं कुठे अडतंय हे ओळखायला पाच वेळा लिहिल्या तरी पुरतात: गेटवर आला, दारावर लागला, पहिलं खोकं, शेवटचं खोकं, दार सोडलं. दारावर लागल्यापासून पहिल्या खोक्यापर्यंत अंतर मोठं असेल तर टोळी कमी पडतेय. शेवटच्या खोक्यानंतर मोठं असेल तर मोजणी रेंगाळतेय. गेट ते दार लांबतंय आणि दारं रिकामी आहेत, तर वाटप चुकतंय.

आणि आता कागदाचंही घड्याळ आहे. जकातीची पावती नाक्यावर मिळेपर्यंत ट्रक अडायचा. ई-वे बिलाची मुदत यार्डातच संपू शकते. १ जानेवारी २०२१ पासून साधारण मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो आणि पहिला दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपतो. पुण्याहून शुक्रवारी संध्याकाळी बिल काढून निघालेला ट्रक शनिवारी सकाळी भिवंडीत असतो. तो जर त्या उरलेल्या चारांत सापडला, तर रात्री बारानंतर तो गेटबाहेर मुदत संपलेल्या बिलावर उभा असतो. मुदत संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास वाढवून घेता येते, पण त्यासाठी शनिवारी रात्री किंवा रविवारी सकाळी ट्रान्सपोर्टरच्या ऑफिसात कुणीतरी जागं पाहिजे. म्हणून आम्ही रांग लावताना गेटवर येण्याच्या वेळेशेजारी बिल संपण्याची वेळही ठेवतो, आणि शनिवारी दुपारनंतर दुसरा रकाना आधी वाचतो.