संयुक्त आकृतीचे क्षेत्रफळ

आयत, त्रिकोण, अर्धवर्तुळ अशा साध्या आकृत्या जोडून किंवा एकातून दुसरी वगळून तयार होणाऱ्या आकृतीस '''संयुक्त आकृती''' म्हणतात. तिच्यासाठी स्वतंत्र सूत्र नसते. परस्परांवर न येणारे भाग पाडून त्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज करतात आणि कापून टाकलेला भाग वजा करतात. आयताचे क्षेत्रफळ लांबी × रुंदी, त्रिकोणाचे ½ × पाया × उंची आणि अर्धवर्तुळाचे ½πr² असते.

== सोडवलेले उदाहरण ==
एका आयताची लांबी २० सेमी व रुंदी १४ सेमी आहे. रुंदीच्या एका बाजूवर बाहेरून अर्धवर्तुळ आणि समोरच्या बाजूवर २५ सेमीच्या दोन एकरूप बाजू असलेला समद्विभुज त्रिकोण जोडला आहे.

आयताचे क्षेत्रफळ २० × १४ = २८० चौसेमी. अर्धवर्तुळाचा व्यास १४ सेमी, म्हणून त्रिज्या ७ सेमी; π = २२/७ घेतल्यास क्षेत्रफळ ७७ चौसेमी येते (अधिक अचूक किंमत सुमारे ७६.९७). त्रिकोणाची उंची दिलेली नाही. शिरोबिंदूतून काढलेला लंब पायाचे ७ सेमीचे दोन भाग करतो, म्हणून पायथागोरसच्या प्रमेयाने उंची = √(६२५ − ४९) = २४ सेमी आणि क्षेत्रफळ ½ × १४ × २४ = १६८ चौसेमी. एकूण क्षेत्रफळ ५२५ चौसेमी.

== नेहमीच्या चुका ==
सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे व्यासालाच त्रिज्या समजणे. तसे केल्यास वरील अर्धवर्तुळाचे क्षेत्रफळ चौपट, म्हणजे ३०८ चौसेमी येते. ते संपूर्ण आयताहूनही मोठे असल्याने चूक लगेच ध्यानात यावी. तिरपी बाजू (२५) उंची म्हणून घेतल्यास मात्र एकूण उत्तर ५३२ येते. फरक अवघा ७ चौसेमीचा असल्यामुळे ही चूक सहसा नजरेतून सुटते.

परिमिती काढताना सामाईक बाजू मोजत नाहीत. येथे ती २० + २० + २५ + २५ + २२ = ११२ सेमी आहे.

== सराव प्रश्न ==
(π = २२/७)

'''सोपे'''
# १२ सेमी × ८ सेमी आयताच्या ८ सेमी बाजूवर, तीच बाजू पाया मानून, ६ सेमी उंचीचा त्रिकोण बाहेरून जोडला आहे.
# १४ सेमी × ५ सेमी आयताच्या १४ सेमी बाजूवर बाहेरून अर्धवर्तुळ आहे.

'''मध्यम'''
# २८ सेमी × २० सेमी आयतातून, २८ सेमी बाजू व्यास मानून, अर्धवर्तुळ कापले आहे.
# आयताकृती खिडकीवर अर्धवर्तुळाकार कमान आहे. रुंदी २८ सेमी व कमानीसह एकूण उंची ५० सेमी.

'''कठीण'''
# काटकोन त्रिकोणाच्या ६ सेमी व ८ सेमी बाजूंवर बाहेरच्या दिशेने अर्धवर्तुळे काढली आहेत. कर्णावरील अर्धवर्तुळ काटकोनाच्या शिरोबिंदूतून जाते. या मोठ्या अर्धवर्तुळाबाहेर उरलेल्या दोन चंद्रकोरींचे एकूण क्षेत्रफळ काढा.

'''उत्तरे''' (चौसेमी, क्रमाने): १२०, १४७, २५२, १३१६, २४. शेवटच्या उत्तरात π उरत नाही, कारण दोन लहान अर्धवर्तुळांची बेरीज मोठ्या अर्धवर्तुळाइतकीच असते. त्यामुळे चंद्रकोरी त्रिकोणाएवढ्याच भरतात. अशा चंद्रकोरींचा अभ्यास इ.स.पू. ५ व्या शतकात कीऑसच्या हिपोक्रॅटिस या ग्रीक गणितज्ञाने केला होता.