रुंदावलेला किंवा लांबट झालेला चेहरा पूर्ववत कसा करावा?

भरती परीक्षांचे अर्ज भरताना उमेदवाराला आपले छायाचित्र ठरावीक मापात द्यावे लागते. छायाचित्र त्या मापात बसवताना त्याच्या मूळ प्रमाणाकडे दुर्लक्ष झाले, तर चेहरा रुंद किंवा लांबट होतो. संगणक अशी फाईल स्वीकारतो, कारण तो केवळ पिक्सेलची संख्या आणि फाईलचा आकार तपासतो. अडचण पुढे परीक्षा केंद्रावर किंवा कागदपत्रांच्या पडताळणीत उद्भवते. तिथे अधिकारी छायाचित्रातील चेहरा आणि समोरचा चेहरा ताडून पाहतो. म्हणूनच हा दोष वेळीच ओळखणे आणि अंदाजाने नव्हे, तर हिशेबाने दुरुस्त करणे आवश्यक ठरते.

दोष कसा निर्माण होतो, हे एका नेहमीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. स्टुडिओत काढलेले पासपोर्ट आकाराचे छायाचित्र ३.५ सेंटिमीटर रुंद आणि ४.५ सेंटिमीटर उंच असते. छपाईच्या ३०० डीपीआय या दर्जाला त्याची फाईल ४१३ पिक्सेल रुंद आणि ५३१ पिक्सेल उंच होते. बँक भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस संस्थेच्या अर्जात मात्र छायाचित्रासाठी २०० बाय २३० पिक्सेल हे माप सुचवलेले असते आणि फाईलचा आकार २० ते ५० केबी असावा लागतो. ही दोन्ही माप उभ्या आयताची असली, तरी दोन्ही आयत सारखे नाहीत. पासपोर्ट छायाचित्राची रुंदी त्याच्या उंचीच्या सुमारे ७८ टक्के असते, तर अर्जातील चौकटीची रुंदी तिच्या उंचीच्या सुमारे ८७ टक्के असते.

उमेदवाराने संगणकात २०० आणि २३० हे आकडे थेट भरले, तर रुंदी मूळच्या ४८.४ टक्के उरते आणि उंची ४३.३ टक्के. उंची अधिक आवळली गेल्यामुळे चेहरा उंचीच्या मानाने सुमारे १२ टक्के रुंद दिसू लागतो. गाल भरल्यासारखे, मान आखूड आणि खांदे पसरट भासतात. चौरस छायाचित्र लागते तिथे हा परिणाम आणखी ठळक होतो. अमेरिकेच्या व्हिसासाठी आणि परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाच्या, म्हणजे ओसीआय कार्डाच्या अर्जासाठी चौरस छायाचित्र द्यावे लागते. पासपोर्ट आकाराचे छायाचित्र ताणून चौरस केले, तर चेहरा जवळपास २९ टक्के रुंदावतो.

दुरुस्तीपूर्वी एक गोष्ट पाहून घ्यावी. छायाचित्राची फाईलच बिघडली आहे की ती केवळ दस्तऐवजात ताणलेली दिसते आहे? वर्डच्या पानावर छायाचित्राच्या कडेच्या मधल्या बिंदूला धरून ओढले, की ते एकाच दिशेने ताणले जाते. कोपऱ्याच्या बिंदूला धरून ओढल्यास प्रमाण टिकते. फाईल स्वतंत्रपणे उघडल्यावर चेहरा नीट दिसत असेल, तर दोष केवळ पानावरील मांडणीचा आहे. अशा वेळी वर्डमधील Reset Picture & Size हा पर्याय निवडल्यास छायाचित्र मूळ प्रमाणात परत येते.

फाईलच बिघडली असेल आणि मूळ छायाचित्र हाताशी असेल, तर बिघडलेल्या प्रतीवर वेळ घालवू नये. मूळ फाईल घेऊन आधी कातरणी करावी आणि मग आकार लहान करावा. हा क्रम महत्त्वाचा आहे. २०० बाय २३० चे प्रमाण २० ला २३ असे आहे. मूळ छायाचित्राची ४१३ पिक्सेलची रुंदी तशीच ठेवली, तर उंची ४१३ गुणिले २३ भागिले २०, म्हणजे ४७५ पिक्सेल हवी. याचा अर्थ ५३१ पैकी ५६ पिक्सेलची पट्टी कापून टाकायची. ही पट्टी शक्यतो खालून, छातीच्या बाजूने घ्यावी आणि केसांच्या वर थोडी मोकळी जागा राहू द्यावी. त्यानंतर पेंटमध्ये Resize उघडून Pixels निवडावे, Maintain aspect ratio हा पर्याय चालू ठेवावा आणि रुंदीच्या जागी २०० लिहावे. उंचीच्या जागी आपोआप २३० आले, तर कातरणी बरोबर झाली असे समजावे. वेगळा आकडा आला, तर तो हाताने बदलू नये. कातरणीतच चूक राहिली आहे, हे त्यावरून कळते आणि ती तिथेच सुधारावी लागते.

अनेकदा मूळ फाईल सापडत नाही आणि हाती केवळ बिघडलेले २०० बाय २३० चे छायाचित्र उरते. ते पासपोर्ट आकाराच्या छायाचित्रावरून केले होते, एवढे ठाऊक असले तरी दुरुस्ती शक्य असते. ३.५ ला ४.५ या प्रमाणानुसार २०० पिक्सेल रुंदीला २५७ पिक्सेल उंची हवी. म्हणून या वेळी Maintain aspect ratio बंद करून रुंदी २०० आणि उंची २५७ भरावी. चेहरा पूर्ववत होईल. मग वरखालून मिळून २७ पिक्सेल कातरले, की पुन्हा २०० बाय २३० चे माप मिळते आणि त्यातील चेहरा योग्य प्रमाणात असतो. कातरण्याइतकी मोकळी जागा नसेल, तर उलट मार्ग घ्यावा. उंची २३० ठेवून रुंदी १७९ करावी आणि उरलेल्या २१ पिक्सेलसाठी दोन्ही बाजूंना पार्श्वभूमीच्याच रंगाची पट्टी जोडावी. पार्श्वभूमी एकरंगी असल्यास हा जोड दिसत नाही. मात्र खांदे छायाचित्राच्या कडेला टेकलेले असतील, तर ते कापल्यासारखे दिसतात.

मूळ प्रमाण ठाऊक नसेल, तेव्हा काम अवघड होते. जुन्या कौटुंबिक छायाचित्रांच्या बाबतीत हे वारंवार घडते. एखाद्या समारंभात मोठ्या पडद्यावर दाखवण्यासाठी छायाचित्र कोणीतरी ताणलेले असते आणि कालांतराने तीच प्रत घरात उरते. अशा वेळी चेहऱ्याकडे पाहून दुरुस्ती करणे धोक्याचे असते. माणसांचे चेहरे मुळातच वेगवेगळे असतात आणि किंचित निमुळता चेहरा डोळ्यांना बरा वाटतो, म्हणून हात आवश्यकतेपेक्षा पुढे जातो. त्यापेक्षा छायाचित्रात ज्या वस्तूचा आकार निश्चित ठाऊक आहे, अशी वस्तू शोधावी. भिंतीवरचे गोल घड्याळ, समोरून दिसणारी थाळी, चौरस फरशी किंवा ओळखपत्र यांचा त्यासाठी उपयोग होतो.

समजा, छायाचित्र १९२० बाय १०८० पिक्सेलचे आहे आणि त्यात मागच्या भिंतीवर गोल घड्याळ आहे. पेंटमध्ये निवडीचा चौकोन घड्याळाभोवती नेमका बसवला, की खालच्या पट्टीत त्याची रुंदी आणि उंची दिसते. रुंदी १४२ आणि उंची १२० पिक्सेल आली. घड्याळ गोल असल्याने दोन्ही आकडे समान हवे होते. म्हणजे छायाचित्र आडवे सुमारे १८ टक्के ताणले गेले आहे. खरी रुंदी काढण्यासाठी १९२० ला १२० ने गुणून १४२ ने भागावे. उत्तर सुमारे १६२२ येते.

इथे आणखी एक पडताळा घेता येतो. छायाचित्रांची काही प्रमाणे ठरलेली असतात. बहुतेक मोबाईल ४ ला ३ या प्रमाणात छायाचित्र घेतात. अनेक कॅमेऱ्यांचे आणि सहा बाय चार इंची छापील प्रतीचे प्रमाण ३ ला २ असते. १०८० उंचीला ४ ला ३ प्रमाणाने रुंदी १४४० होते, तर ३ ला २ प्रमाणाने १६२०. मोजणीतून आलेला १६२२ हा आकडा १६२० च्या अगदी जवळ आहे. घड्याळ मोजताना एका पिक्सेलची चूक झाली, तरी उत्तरात जवळपास एक टक्क्याचा फरक पडतो. म्हणून १६२० हेच मूळ माप मानणे योग्य ठरते आणि छायाचित्र १६२० बाय १०८० करावे. मात्र ताणण्यापूर्वी छायाचित्र कातरले गेले असेल, तर ते कोणत्याही ठरलेल्या प्रमाणाशी जुळणार नाही. अशा वेळी मोजणीतून आलेल्या आकड्यावरच विसंबावे.

मोजायची वस्तू कॅमेऱ्याला समोरासमोर असली पाहिजे. गोल वस्तू बाजूला किंवा वर कललेली असेल, तर न ताणताही ती लंबगोल दिसते. केवळ वीस अंशांच्या कलाने एका दिशेची लांबी सुमारे सहा टक्क्यांनी घटते. उंच भिंतीवरचे घड्याळ खालून टिपलेले असेल, तर हीच फसगत होते. म्हणून शक्य असल्यास दोन वस्तू मोजाव्यात आणि दोन्ही उत्तरे जवळपास सारखी आली, तरच ती ग्राह्य धरावीत.

काही दोष या उपायाने जात नाहीत. अगदी जवळून काढलेल्या सेल्फीत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. ते कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ असल्यामुळे घडते. सामूहिक छायाचित्रात कडेला उभ्या असलेल्या व्यक्ती रुंद दिसतात आणि मधल्या नीट दिसतात, तेव्हा दोष रुंद कोनाच्या भिंगाचा असतो. प्रमाण बिघडल्याचा दोष संपूर्ण छायाचित्रात एकसारखा असतो, ही त्याची खूण आहे. आधी ताणलेले छायाचित्र नंतर तिरके फिरवले असेल, तर थेट रुंदी किंवा उंची बदलून दोष जात नाही. अशा छायाचित्राला आधी उलट फिरवून सरळ करावे आणि मगच रुंदी किंवा उंची बदलावी.

दुरुस्तीत उंची वाढवल्यास संगणक मधले पिक्सेल अंदाजाने भरतो, म्हणून छायाचित्र किंचित मऊ दिसते. दहा-बारा टक्क्यांच्या वाढीत हा फरक फारसा जाणवत नाही. त्याहून मोठी दुरुस्ती असेल आणि माप ठरलेले नसेल, तर उंची वाढवण्याऐवजी रुंदी कमी करावी. जेपीईजी फाईल प्रत्येक वेळी साठवताना तिचा दर्जा थोडा घसरतो. त्यामुळे माप बदलणे आणि कातरणे ही कामे एकाच बैठकीत पूर्ण करावीत, शेवटी एकदाच साठवावे आणि बिघडलेली प्रतही वेगळ्या नावाने जपून ठेवावी. हिशेबात चूक आढळली, तर सुरुवात पुन्हा त्याच प्रतीवरून करावी लागते.

अखेरीस गोल वस्तू पुन्हा मोजावी. तिची रुंदी आणि उंची एका-दोन पिक्सेलच्या फरकाने समान आली पाहिजे. अर्जाच्या छायाचित्रात अशी वस्तू नसते. तिथे त्याच व्यक्तीचे समोरून काढलेले दुसरे छायाचित्र शेजारी ठेवावे. दोन बाहुल्यांमधील अंतर आणि बाहुल्यांच्या रेषेपासून ओठांच्या मधल्या रेषेपर्यंतचे अंतर दोन्हींत मोजावे आणि पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागावे. मान सरळ आणि तोंड मिटलेले असेल, तर दोन्ही छायाचित्रांतील भागाकार जवळपास सारखे येतात. तसे आले, तर चेहरा आपल्या मूळ प्रमाणात परतला आहे.