अवलंबित्व गुणोत्तर

कमावत्या वयाच्या (१५ ते ६४) दर शंभर माणसांमागे १५ वर्षांखालील मुले आणि ६५ वा त्याहून अधिक वयाची माणसे किती, हे सांगणारे प्रमाण. शंभरांच्या वस्तीत ५५ जण कमावत्या वयाचे असतील तर ते ८२ येते. जन्मदर घटून कमावत्यांचा आकडा ६५ झाला, तर गुणोत्तर ५४ येते. दर कामगारामागचे उत्पादन आणि कामाला लागणाऱ्यांचे प्रमाण तेच राहिले, तरी दरडोई उत्पन्न १८ टक्क्यांनी वाढते. हा बदल तीस वर्षांत घडला, तर वर्षाला अर्ध्या टक्क्याहून थोडी अधिक वाढ. यालाच लोकसंख्येचा लाभांश म्हणतात. मात्र काम मिळाले तरच तो पदरात पडतो.

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातून, विशेषतः पश्चिमेकडच्या आदिवासी पाड्यांतून, दिवाळीनंतर ऊसतोड मजूर कामासाठी बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. म्हातारी माणसे घरी राहतात. मुले सोबत गेली तर शाळा बुडते आणि पुढच्या पिढीचे कौशल्य, म्हणजे लाभांशाचे मूळच, खुंटते.

मोजणीतही गफलत होते. २०११च्या जनगणनेची गणना ९ ते २८ फेब्रुवारीला, ऐन गाळप हंगामात झाली. पूर्ण काळ बाहेर असलेला माणूस जिथे सापडेल तिथे मोजला जातो. त्यामुळे अशा गावांचे गुणोत्तर प्रत्यक्षापेक्षा जड दिसू शकते. शिवाय हे प्रमाण फक्त वय पाहते. फडात मोळ्या बांधणारी बारा वर्षांची मुलगी त्यात अवलंबितच ठरते.