बाकी शून्य होईपर्यंत

मसावि काढताना आपण शाळेत संख्यांचे मूळ अवयव पाडले; परंतु मोठ्या संख्यांचे अवयव सहजी सापडत नाहीत. इ.स.पू. 300च्या सुमारास युक्लिडने ‘एलिमेंट्स’च्या सातव्या खंडात अवयवांवाचून चालणारी रीत दिली: मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करीत राहावे. हेच भागाकाराने अधिक लवकर साधते. इ.स. 499 मधील ‘आर्यभटीय’ ग्रंथातला कुट्टकही अशाच परस्पर भागाकारावर उभा आहे.

391 आणि 299 या संख्या घेऊ. 391ला 299ने भागता बाकी 92 उरते. 299ला 92ने भागता 23. आणि 92ला 23ने भागता शून्य. म्हणून मसावि 23. भाज्य व भाजक या दोहोंना भागणारी संख्या बाकीलाही भागते, आणि भाजक व बाकी यांना भागणारी संख्या भाज्यालाही. म्हणून संख्या लहान होत जातात, मसावि मात्र तोच राहतो.

पण ही रीत थांबेलच कशावरून? बाकी नेहमी भाजकाहून लहान असते आणि पुढच्या पायरीवर तीच भाजक होते: 299, 92, 23, 0. पूर्ण संख्यांची अशी उतरण शून्याखाली जात नाही, म्हणून ती अखंड चालू शकत नाही.

लांबींना मात्र असा तळ नसतो. चौरसाची बाजू आणि कर्ण यांवर हीच रीत चालवली, तर दर वेळी काही उरतेच. रीत कधीच संपत नाही. युक्लिडने दहाव्या खंडात अशा न संपणाऱ्या रीतीलाच सामाईक माप नसल्याची खूण मानले.