हयगय, अविचार आणि नियमभंग : बेदरकार वाहनचालनाच्या कायदेशीर संकल्पनेची जडणघडण

प्रस्तावना

महाराष्ट्रातील पोलीस ठाण्यांत रस्ते अपघाताची फिर्याद नोंदवताना एक ठरावीक वाक्य वर्षानुवर्षे लिहिले जाते. चालकाने आपल्या ताब्यातील वाहन ‘हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात, वाहतुकीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून’ चालवले, असा त्याचा आशय असतो. या एका वाक्यात दोन भिन्न गुन्हे एकत्र आले आहेत. हयगय व अविचार ही फौजदारी संहितेची परिभाषा आहे, तर नियमांकडे दुर्लक्ष हा मोटार वाहन कायद्याचा विषय आहे. या दोहोंमधील सीमारेषा न्यायालयांनी कशी आखली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

संहितेतील मूळ तरतूद

भारतीय दंड संहिता 1860 साली संमत झाली तेव्हा रस्त्यावर मोटार नव्हती. तरीही कलम 279 मध्ये सार्वजनिक रस्त्यावर वाहन हाकणे आणि सवारी करणे या दोन्ही कृतींचा समावेश होता. त्या काळी ही तरतूद बैलगाडी, टांगा व घोडेस्वार यांना लागू होती. या कलमाखाली अपघात घडलेलाच असावा लागत नाही. मानवी जीवितास धोका उत्पन्न होईल किंवा कोणास दुखापत होण्याचा संभव राहील, इतक्या अविचाराने अथवा हयगयीने वाहन चालवले, एवढे पुरे असते.

मृत्यू घडल्यास काय करावे, यासंबंधीची तरतूद मात्र मूळ संहितेत नव्हती. मेकॉलेच्या 1837 च्या मसुद्यात ती होती, पण अंतिम संहितेतून ती गळली. ही उणीव 1870 साली कलम 304-अ घालून दूर करण्यात आली. हेतू नाही, मृत्यू घडेल याची जाणीवही नाही, परंतु कृती अविचाराची किंवा हयगयीची आहे, अशा प्रकरणांसाठी दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाची शिक्षा त्यात ठरवली गेली.

‘अविचार’ व ‘हयगय’ यांचा अर्थ संहितेने सांगितला नव्हता. तो मद्रास उच्च न्यायालयाच्या 1872 च्या आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या 1881 च्या निर्णयांतून स्पष्ट झाला. धोका दिसत असताना ‘काही होणार नाही’ या भरवशावर तो पत्करणे, म्हणजे अविचार. धोका मनात आलाच नाही, पण त्या परिस्थितीत सुज्ञ माणसाने जी काळजी घेतली असती ती घेतली नाही, म्हणजे हयगय. ही हयगय फौजदारी ठरण्यासाठी किरकोळ चूक पुरेशी नाही. ती ठळक व दोषास्पद असावी लागते. वळणावर समोरचे दिसत नसताना पुढच्या गाडीला ओलांडणारा चालक अविचारी ठरतो. मागे न पाहता वाहन मागे घेणारा हयगय करतो.

नियमभंगाचे निराळे स्वरूप

1914, 1939 आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्यांनी परवाना, वेगमर्यादा, दिवे व कागदपत्रे यांविषयीचे नियम घातले. या गुन्ह्यांत चालकाच्या मनःस्थितीचा वा काळजीच्या प्रमाणाचा प्रश्न सहसा येत नाही. परवाना नव्हता, एवढे सिद्ध झाले की गुन्हा पूर्ण होतो. चालक कितीही कुशल असला, तरी त्याची सुटका होत नाही. याच्या उलट, सर्व कागदपत्रे बिनचूक असलेला आणि मर्यादेच्या आत वेग ठेवणारा चालकही शाळा सुटल्याच्या गर्दीत हयगयीचा दोषी ठरू शकतो.

दोहोंना जोडणारा दुवा

नियम मोडला आणि माणूस दगावला, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे कलम 304-अ आपोआप लागू होते काय? मुंबई उच्च न्यायालयाने 1902 मध्ये ओंकार रामप्रताप प्रकरणात याचे सूत्र घालून दिले. मृत्यू हा आरोपीच्या हयगयीचा थेट परिणाम असला पाहिजे. ती कृती मृत्यूमागची केवळ एक पार्श्वभूमी असून चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये मुंबईतील एका कारखान्याच्या आगीच्या प्रकरणात हे सूत्र स्वीकारले.

वाहनचालनाच्या संदर्भात या सूत्राची कसोटी लागली ती महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या आणि 1968 च्या निर्णयसंग्रहात प्रसिद्ध झालेल्या सुलेमान रहिमान मुलाणी प्रकरणात. जीप चालवणाऱ्या आरोपीकडे केवळ शिकाऊ परवाना होता. जीपची धडक बसून एका पादचाऱ्याचा मृत्यू झाला. पक्का परवाना नसताना जीप चालवली, यावरूनच हयगय सिद्ध होते, असे खालच्या न्यायालयांना वाटले होते.

सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद स्वीकारला नाही. पक्का परवाना नसलेल्या माणसाला वाहन चालवता येतच नाही, असे कायदा गृहीत धरत नाही. निव्वळ बेफिकिरीमुळेही एखाद्याने परवाना काढलेला नसतो. अपघात नेमका कसा घडला, जीप रस्त्याच्या कोणत्या बाजूला होती, पादचारी अचानक आडवा आला काय, याविषयी पुरावा आवश्यक होता आणि नेमका तोच नव्हता. परिणामी कलम 304-अ खालील दोषसिद्धी रद्द झाली. परवान्याविषयीचा अपराध हा त्याहून स्वतंत्र प्रश्न होता.

वेगाबाबतही हीच भूमिका राहिली. कर्नाटकातील एक मालमोटार नाला ओलांडताना उलटून अनेकांचा मृत्यू झाला होता. साक्षीदारांनी वाहन ‘भरधाव’ होते एवढेच सांगितले. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की वेग ही सापेक्ष बाब आहे. रस्ता, रहदारी व आसपासची स्थिती यांच्या संदर्भात तो वेग धोक्याचा का होता, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला पुराव्याचे मोल येत नाही. मृतांची संख्या मोठी आहे, म्हणून हयगय गृहीत धरता येत नाही.

आजची स्थिती

2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये लाल दिवा ओलांडणे, वाहन चालवताना हातात भ्रमणध्वनी वापरणे, विरुद्ध दिशेने वाहन चालवणे इत्यादी कृत्यांचा ‘धोकादायक वाहनचालना’च्या स्पष्टीकरणात समावेश झाला. काही नियमभंग त्यामुळे धोक्याच्या संकल्पनेजवळ आले. तथापि मृत्यूची जबाबदारी ठरवताना कारणसंबंधाची जुनी अट कायम आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलम 279 ची जागा कलम 281 ने घेतली, तर कलम 304-अ च्या जागी आलेल्या कलम 106(1) खाली शिक्षेची कमाल मर्यादा पाच वर्षे झाली. शिक्षा वाढली, सिद्धतेचा भार हलका झाला नाही.

समारोप

या सीमारेषेचा परिणाम दोन्ही पक्षांना भोगावा लागतो. मृताच्या कुटुंबाला मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात संभाव्यतेच्या निकषावर भरपाई मिळू शकते. त्याच अपघाताच्या फौजदारी खटल्यात मात्र संशयातीत पुरावा लागतो आणि आरोपी सुटतो. कुटुंबाला हा विरोधाभास अन्यायाचा वाटतो. पुष्कळदा त्याचे मूळ कायद्यापेक्षा तपासात असते. घसरण्याच्या खुणांची मोजमापे, धडकेची जागा, रस्त्याची रुंदी आणि प्रत्यक्षदर्शीने नेमके काय पाहिले, हे घटनास्थळाच्या पंचनाम्यात व जबाबांत नसेल, तर न्यायालयापुढे फिर्यादीतील ठरावीक वाक्याखेरीज काही उरत नाही. ‘हयगय’ हा त्या वाक्यातील शब्द म्हणजे पुराव्याने गाठायचा निष्कर्ष आहे. तो स्वतः पुरावा नव्हे.